सवलत द्यावी, पण मोबदला घेऊनच: सोयाबीनच्या सौद्यातील देवाणघेवाण

केंद्र शासनाने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना २०२० मध्ये हाती घेतली. तेव्हापासून सभासदांचा माल एकत्र करून थेट प्रक्रिया उद्योगाला विकणाऱ्या कंपन्यांची संख्या वाढत गेली आहे. माल गोळा करणे, चाळणी मारणे, प्रतवारी करणे ही कामे यांतील अनेक कंपन्यांनी आत्मसात केली आहेत. खरी कसोटी लागते ती खरेदीदारासमोर बसल्यावर. तेथे खरेदीदार एकामागून एक मागणी पुढे करतो, कंपनीचा प्रतिनिधी सौदा तुटू नये म्हणून एकामागून एक मान्य करतो, आणि शेवटी हातात राहिलेला भाव कागदावर चांगला दिसत असूनही वर्षअखेरीस नफा सापडत नाही.

विक्रेत्याने सवलत देऊच नये असे नाही. सवलतीशिवाय सौदा क्वचितच होतो. मात्र दिलेल्या प्रत्येक सवलतीच्या बदल्यात त्याच क्षणी काहीतरी परत घेतले गेले पाहिजे. मोबदल्याविना दिलेली सवलत दोन प्रकारे महाग पडते. एक तर तिची रक्कम थेट जाते. दुसरे म्हणजे, नुसते मागितले की मिळते हे खरेदीदाराच्या ध्यानात येते आणि पुढची मागणी तयार होते. ही देवाणघेवाण प्रत्यक्षात कशी करावी, हे सोयाबीनच्या एका सौद्याच्या आधारे पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि त्यातील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. पद्धत मात्र माळव्यापासून मराठवाड्यापर्यंतच्या सोयाबीन पट्ट्यात रोज चालणाऱ्या व्यवहाराचीच आहे.

बैठकीपूर्वीचा हिशेब: तळभाव

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीकडे १,२०० क्विंटल सोयाबीन आहे. सहा गाड्यांचा हा माल तेल गाळप करणाऱ्या एका प्लांटला विकायचा आहे. सभासदांना सरासरी ५,२३० रुपये क्विंटल दिले आहेत. चाळणी व प्रतवारीचा खर्च ३० रुपये, हमाली व काट्याचा २० रुपये, प्लांटपर्यंतच्या वाहतुकीचा ७० रुपये आणि कार्यालयीन खर्चाचा वाटा ४० रुपये. बेरीज ५,३९० रुपये होते. याखाली विकणे म्हणजे तोटा.

परंतु तळभाव केवळ खर्चावरून ठरत नाही. हा सौदा न झाल्यास दुसरीकडे काय मिळेल यावरूनही तो ठरतो. आपल्या उदाहरणात एक व्यापारी स्वतःची गाडी आणून, माल आहे तसा पाहून, गोदामातूनच ५,३४० रुपये रोख देण्यास तयार आहे. त्यात वाहतुकीचे ७० रुपये वाचतात, म्हणजे प्लांटच्या भावाशी तुलना करताना हा भाव ५,४१० रुपये होतो. तळभाव म्हणून मोठा आकडा धरायचा असतो, म्हणून येथे तळभाव ५,४१० रुपये. बाजारभाव हमीभावाखाली असेल आणि शासकीय खरेदी केंद्र सुरू असेल, तर तो पर्यायही याच तुलनेत धरावा. नोंदणीकृत गोदामात माल ठेवून, गोदाम (विकास व नियमन) अधिनियम, २००७ खालील पावतीवर कर्ज घेऊन काही आठवडे थांबणे हाही एक पर्याय आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय तयार असतो, तोच मोबदला मागू शकतो. ज्याला आज विकलेच पाहिजे, त्याच्या अटीला वजन राहत नाही.

प्रत्येक अटीला रुपयांची किंमत

तळभाव ठरल्यावर दुसरे काम म्हणजे ज्या ज्या अटींवर बोलणे होऊ शकते, त्या प्रत्येकीची क्विंटलमागे किंमत काढून ठेवणे. या सौद्यात चार अटी महत्त्वाच्या आहेत.

पहिली अट रक्कम मिळण्याच्या मुदतीची. कंपनी वर्षाला १२ टक्के व्याजाने खेळते भांडवल घेत असेल, तर ५,५०० रुपयांच्या मालावर दर दहा दिवसांना सुमारे १८ रुपये व्याज पडते. तीस दिवसांच्या उधारीची किंमत ५४ रुपये होते.

दुसरी अट ओलाव्याची. सोयाबीनच्या व्यापारात दर्जाची अट ‘दहा-दोन-दोन’ अशी सांगितली जाते: हवा म्हणजे ओलावा १० टक्के, माती २ टक्के आणि डागी दाणे २ टक्के. हवा यापेक्षा जास्त निघाली की भावात कपात होते. कपातीचे प्रमाण किती, हा मात्र वाटाघाटीचा विषय आहे. ११ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १० टक्क्यांवर आणले, तर ते सुमारे ९८.९ किलो भरते. म्हणजे एक टक्का ओलाव्यामागे घट १.१ टक्के असते. एका टक्क्याला एक टक्का कपात ही न्याय्य मर्यादेच्या जवळची झाली. एका टक्क्याला दोन टक्के कपात ही घटीची भरपाई राहत नाही, तो भाव पाडण्याचा आडमार्ग ठरतो. आपल्या मालाची सरासरी हवा १०.५ टक्के आहे. दुप्पट कपातीने क्विंटलमागे ५५ रुपये जातील, एकपट कपातीने २८ रुपये. फरक २७ रुपयांचा.

तिसरी अट गाडी खाली होण्याची. प्लांटच्या दारात गाडी एक दिवस उभी राहिली आणि वाहतूकदाराने २,००० रुपये खोटी लावली, तर २०० क्विंटलच्या गाडीवर ती क्विंटलमागे १० रुपये पडते.

चौथी अट पुरवठ्याच्या वेळापत्रकाची. सगळा माल एकदम न घेता प्लांटने तीन आठवड्यांत, दर आठवड्याला दोन गाड्या मागितल्या, तर माल सरासरी सात दिवस जास्त पडून राहतो. त्याचे व्याज १३ रुपये आणि गोदामभाडे ३ रुपये, मिळून १६ रुपये.

या यादीसमोर आणखी एक रकाना असावा: ही अट समोरच्यासाठी किती मोलाची आहे? गाळप करणाऱ्या प्लांटला रोज ठराविक माल लागतो आणि साठवणीची जागा मर्यादित असते. त्यामुळे ठरलेल्या दिवशी येणारा, एकसारख्या प्रतीचा माल त्याच्यासाठी मोलाचा असतो; आपल्याला त्याची किंमत १६ रुपयेच पडते. उलट, मोठ्या उद्योगाला दहा दिवस आधी रक्कम देणे तुलनेने सोपे असते, पण ज्या कंपनीला त्याच रकमेतून पुढचा माल घ्यायचा आहे तिला ते फार मोलाचे असते. एकाला जे स्वस्त पडते ते दुसऱ्याला मोलाचे असते, या फरकावरच देवाणघेवाण उभी राहते. दोघांनाही सारख्याच किमतीची असलेली एकच गोष्ट टेबलावर असते, ती म्हणजे भाव. म्हणून केवळ भावावर बोलणे चालले की एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा होतो.

सौदा कसा पुढे सरकतो

कंपनीने प्लांट पोहोच ५,५६० रुपये भाव सांगितला. प्लांटने ५,४०० रुपये देऊ केले. प्लांटच्या नेहमीच्या अटी अशा: रक्कम तीस दिवसांनी, हवा दहाच्या वर गेल्यास दुप्पट कपात, गाडी क्रमाने खाली होईल.

खरेदी अधिकारी म्हणाले, “भाव फार आहे. शंभर रुपये कमी करा, मग बोलू.”

येथे ‘बरे, पन्नास कमी करतो’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. कंपनीच्या प्रतिनिधीने तसे केले नाही. ते म्हणाले, “साहेब, तुमच्या नेहमीच्या अटींवर हा भाव आहे. तुम्ही रक्कम सात दिवसांत देत असाल, तर आम्ही तीस रुपये कमी करू शकतो.”

या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. अट आधी आली, सवलत नंतर. ‘आम्ही तीस रुपये कमी करतो, पण रक्कम लवकर द्या’ असे म्हटले असते, तर अधिकाऱ्यांनी पहिला भाग उचलून खिशात टाकला असता आणि दुसऱ्या भागावर ‘पाहू’ म्हटले असते. ‘जर’ आधी आला की सवलत त्याच्याशी बांधली जाते. शिवाय आकड्यांकडे पाहिले तर २३ दिवसांचे व्याज ४२ रुपये होते. देऊ केलेली सवलत ३० रुपयांची होती.

अधिकारी म्हणाले, “सात दिवस जमणार नाही. पंधरा दिवस करून देतो. भाव ५,५३० धरा.”

“पंधरा दिवस असतील, तर ५,५४५,” प्रतिनिधींनी उत्तर दिले.

“अहो, आत्ताच ५,५३० म्हणालात ना?”

“ते सात दिवसांसाठी होते, साहेब.”

हा क्षण वाटाघाटीतील सर्वांत नाजूक असतो. अट पूर्ण होत नसेल, तर सवलतही मागे घ्यावी लागते. येथे संकोच केला, तर आपले ‘जर’ नावापुरते होते हे समोरच्याला कळते आणि पुढील प्रत्येक अट पोकळ ठरते. प्रतिनिधींनी आवाज न चढवता, केवळ हिशेब सांगून भाव परत वर नेला. परिणामी अधिकाऱ्यांनी स्वतःच मधला मार्ग काढला: रक्कम दहा दिवसांत, भाव ५,५२०. वीस दिवस वाचल्याने ३६ रुपये मिळत होते आणि ४० रुपये जात होते. प्रतिनिधींनी उरलेल्या चार रुपयांसाठी एक अट जोडली: गाडी आली त्याच दिवशी खाली व्हावी, न झाल्यास खोटी प्लांटने द्यावी. ती मान्य झाली.

यानंतर अधिकाऱ्यांनी वेळापत्रकाचा विषय काढला. “माल एकदम नको, तीन आठवड्यांत दोन-दोन गाड्या पाठवा.” ही मागणी निरुपद्रवी वाटते आणि बहुतेक ठिकाणी मान हलवून मान्य केली जाते. पण तिची किंमत १६ रुपये आहे, आणि तिच्यात एक धोकाही आहे: तीन आठवड्यांत बाजार उतरला, तर शेवटच्या गाड्या घेण्यास प्लांट टाळाटाळ करील. म्हणून प्रतिनिधी म्हणाले, “सौदापावतीबरोबर एकूण रकमेच्या वीस टक्के इसार देत असाल आणि तो प्रत्येक बिलात प्रमाणाने वळता करत असाल, तर तीन आठवड्यांचे वेळापत्रक आम्ही पाळू.” इसाराच्या १३ लाख २० हजार रुपयांमुळे व्याजाची बचत क्विंटलमागे अवघी ६ रुपयांची होते. परंतु उरलेले दहा रुपये व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही. सौदा मोडण्याच्या जोखमीपासून मिळालेले ते संरक्षण आहे.

शेवटी अधिकाऱ्यांनी नेहमीची शेवटची मागणी केली: “आता ५,५०० करून टाका, आजच पावती करू.” प्रतिनिधी म्हणाले, “हवेची कपात बारा टक्क्यांपर्यंत एकास एक ठेवत असाल आणि नमुना आमच्या माणसासमोर काढत असाल, तर ५,५०० मान्य.” वीस रुपये गेले, सत्तावीस आले. सौदा पक्का झाला.

एकाच भावाचे दोन सौदे

आता अशी कल्पना करा की दुसऱ्या एका प्रतिनिधीनेही ५,५०० रुपयांनाच सौदा केला, पण प्रत्येक मागणी विनामोबदला मान्य करत. भाव साठ रुपयांनी उतरला, तीन आठवड्यांचे वेळापत्रकही स्वीकारले, आणि प्लांटच्या मूळ अटी तशाच राहिल्या. त्याच्या हातात काय पडले? ५,५०० मधून तीस दिवसांचे व्याज ५४, दुप्पट कपातीचे ५५ आणि वेळापत्रकाचे १६ रुपये वजा केले, तर ५,३७५ रुपये उरतात. तळभाव ५,४१० होता. म्हणजे त्याने गोदामात बसून व्यापाऱ्याला माल दिला असता तर बरे झाले असते; एवढेच नव्हे, तर ५,३९० रुपयांचा खर्चही निघाला नाही.

पहिल्या प्रतिनिधीचा हिशेब असा: ५,५०० मधून दहा दिवसांचे व्याज १८, एकपट कपातीचे २८ आणि वेळापत्रकाचे १६ वजा, इसाराचे ६ अधिक. हातात ५,४४४ रुपये. दोन्ही सौदापावत्यांवर भाव तोच लिहिलेला आहे, पण फरक क्विंटलमागे ६९ रुपयांचा आणि १,२०० क्विंटलवर ८२,८०० रुपयांचा आहे. खोटीचा खर्च यात धरलेला नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत केवळ ‘काय भाव लागला’ एवढेच विचारले गेले, तर हा फरक कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा: सर्व अटी धरून निव्वळ किती पडले?

कोठे चुकते आणि ते कसे ओळखावे

पहिली चूक ‘मधला भाव काढू’ या प्रस्तावाला बळी पडण्याची. ५,५६० आणि ५,४०० यांचा मध्य ५,४८० येतो. हे न्याय्य वाटते. पण ज्याने सुरुवात अधिक टोकापासून केली त्याच्याकडे हा मध्य झुकतो, आणि मुदत, कपात, खोटी यांवर एक शब्दही न निघता सौदा संपतो. मध्यावर यायचेच असेल, तर तेही एखाद्या अटीच्या बदल्यात यावे.

दुसरी चूक आश्वासनाला मोबदला समजण्याची. ‘या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या हंगामात तुमचा सगळा माल घेतो’ हे वाक्य ऐकायला गोड असते. ते खरे मानायचे असल्यास त्याला रूप द्यावे: पुढील हंगामात किती क्विंटल, कोणत्या महिन्यात, भाव कोणत्या बाजाराच्या आधारे, आणि हे सर्व लेखी. समोरचा लिहून देण्यास तयार नसेल, तर त्या आश्वासनाची किंमत शून्य धरावी आणि त्यासाठी काहीही देऊ नये.

तिसरी चूक दारात घडते. गाडी प्लांटच्या काट्यावर उभी असताना ‘डागी जास्त आहे, चाळीस रुपये कमी लागतील’ असा निरोप येतो. मालाने भरलेली गाडी परत नेणे महाग असल्याने ही विक्रेत्याची सर्वांत दुबळी अवस्था असते. तेथे नव्याने देवाणघेवाण करता येत नाही. तिची तयारी आधीच करावी लागते. गोदामात दोघांच्या उपस्थितीत नमुना काढून त्याचे तीन मोहोरबंद भाग करावेत: एक प्लांटकडे, एक कंपनीकडे आणि तिसरा वाद झाल्यास तपासणीसाठी. ओलावामापक यंत्र हंगामाच्या सुरुवातीस प्लांटच्या यंत्राशी ताडून पाहावे. दोन यंत्रांत अर्ध्या टक्क्याचा फरक असला, तरी आपल्या उदाहरणातील संपूर्ण २८ रुपये त्यात जातात.

चौथी चूक सौदा झाल्यानंतरची. मोबदला ठरला, पण मिळाला का? रक्कम दहाऐवजी पंचविसाव्या दिवशी आली, तर २७ रुपये गुपचूप परत गेले. प्रत्येक गाडीमागे माल पोहोचल्याची तारीख, खाली झाल्याची वेळ, निघालेली हवा, झालेली कपात आणि रक्कम जमा झाल्याची तारीख यांची नोंद ठेवावी. सौदापावतीत विलंबाचे व्याज लिहिलेले असावे. पुढच्या बैठकीत हीच नोंदवही सर्वांत प्रभावी बोलते: ज्याने मुदत पाळली नाही, त्याला मुदतीच्या बदल्यात दिलेली सवलत दुसऱ्यांदा मिळू नये.

पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धत सर्वत्र सारखी चालत नाही. बाजार समितीच्या लिलावात बोली लागते, अटींवर बोलणे होत नाही. तेथे प्रतवारी आणि माल नेण्याचा दिवस एवढेच आपल्या हाती असते. टोमॅटो किंवा पालेभाजी यांसारख्या नाशवंत मालात थांबण्याची ताकद तासागणिक घटते. म्हणून अटी तोडणीपूर्वीच ठरवाव्या लागतात: क्रेट कोणाचे, परत कधी, तोडणीचा दिवस कोणी ठरवायचा, नाकारलेल्या मालाचे काय. परिसरात खरेदीदार एकच असेल, तर मोबदल्याची भाषा त्याच्यासमोर फार काळ टिकत नाही. तेथे आधी दुसरा पर्याय उभा करणे हेच काम.

तसेच प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मोबदला मागत बसणे शहाणपणाचे नाही. एखाद्या दिवशी प्लांटने गाडी दोन तास उशिरा बोलावली, तर ते सांभाळून घ्यावे. ज्या अटीची किंमत आपल्या यादीत क्विंटलमागे दोन-तीन रुपयांहून कमी आहे, ती सौजन्य म्हणून सोडावी, मात्र सोडल्याचे सांगावे. देवाणघेवाण काटेकोर असावी, चिकट नसावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी संचालक मंडळासोबत दोन तासांची एक बैठक यासाठी पुरेशी होते. एका कागदावर तीन रकाने आखावेत: अट कोणती, आपल्याला क्विंटलमागे तिची किंमत किती, आणि खरेदीदाराला तिचे मोल जास्त की कमी. वर तळभाव लिहावा. नंतर मंडळातील एकाने खरेदी अधिकारी व्हावे आणि दुसऱ्याने प्रतिनिधी, आणि प्रत्येक उत्तर ‘तुम्ही अमुक करत असाल, तर’ असेच सुरू करण्याचा सराव करावा. सुरुवातीला जीभ अडखळते, कारण पाहुण्याला नाही म्हणू नये असे आपल्यावर संस्कार असतात. तो कागद मात्र बैठकीला नेताना घडी घालून खिशातच ठेवावा. त्यावरचा तळभाव समोरच्याला दिसला, तर तोच सौद्याचा भाव होतो.